3.9 किलोमीटरचा आकडा अर्जातून काढा

बायपासच्या आखणीवर हरकत घेणाऱ्या, ग्वाल्हेर-लष्करातल्या माझ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. भाषा नीट आहे, सूर संयमाचा आहे. पण तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलं आहे की प्रस्तावित रस्ता 3.9 किलोमीटर वनातून जातो आणि सल्लागारांनी ते 2.4 किलोमीटर दाखवून लोकांची दिशाभूल केली आहे. सल्लागारांचा आकडा कमी आहे हे खरं. तुमचा जास्त आहे हेही तितकंच खरं. मी त्याच फाइली उघडून मोजलं तर 3 किलोमीटर भरतात. पाण्याच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं आहे आणि तुम्ही ते शून्य तसंच उचललं आहे. ती चूक वनाच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

हे उघडपणे लिहितो आहे, कारण मसुद्याच्या प्रती वस्तीवस्तीत फिरल्या आणि दोन गावांनी तोच आकडा घालून आपले अर्ज तयार केले, असं कळलं. एकेकाला फोन करून सांगणं आता शक्य नाही. माझं म्हणाल तर आयुष्य नकाशांवर गेलं. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन, मग डिजिटायझिंगचं टेबल, आणि शेवटची पंधरा वर्षं संगणक. तुमच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून तुमच्या चुकीपासून सुरुवात करतो. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. रस्त्याची लांबी 24 किलोमीटर धरली आहे आणि साखळी, म्हणजे रस्त्यावरचं किलोमीटर, उत्तरेच्या टोकाकडून मोजली आहे.

तुमच्यातल्या ज्या मुलीने हे काम केलं तिने कष्टाने केलं आहे. पार्श्वभूमीला ऑनलाइन नकाशा लावला, सल्लागारांच्या पीडीएफवरून रस्त्याची मधली रेषा गिरवली, वनाचे बहुभुज वर टाकले, दोन्ही एकमेकांत छेदले आणि वनाच्या आत पडलेल्या तुकड्यांची लांबी काढली. पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत. घोळ शेवटच्या पायरीवर झाला. ऑनलाइन नकाशा वेब मर्केटर प्रक्षेपणात असतो. त्याचा क्रमांक EPSG:3857. प्रकल्प त्यात उघडला की नवीन थरही बहुतेक वेळा त्याच क्रमांकाने जतन होतो. या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितकी लांबी फुगत जाते. ग्वाल्हेर 26.2 अंश उत्तरेला आहे. तिथे ही फुगवट सुमारे साडेअकरा टक्के होते. जमिनीवरचा एक किलोमीटर त्या थरात 1.115 किलोमीटर मोजला जातो.

क्यूजीआयएसमध्ये लांबी काढायच्या दोन वाटा आहेत. दिसायला सारख्याच, उत्तरं वेगळी:

```
length($geometry) / 1000
$length / 1000
```

पहिली ओळ थर ज्या प्रक्षेपणात आहे त्याच सपाट कागदावर मोजते. दुसरी प्रकल्पात निवडलेल्या पृथ्वीच्या गोलाकारावर मोजते. आपल्या फाइलमध्ये पहिली वापरली आहे. पटत नसेल तर वन-बिन बाजूला ठेवा आणि अख्ख्या रस्त्याची लांबी बघा. तुमच्या तक्त्यात ती 26.75 किलोमीटर दिसते. जाहीर सूचनेत रस्ता 24 किलोमीटरचा आहे. पावणेतीन किलोमीटर रस्ता आला कुठून? हे आधी कुणी पाहिलं असतं तर माझं निम्मं पत्र वाचलं असतं. कोणताही छेद काढण्याआधी मूळ रेषेची लांबी माहीत असलेल्या लांबीशी जुळवून बघायची, आणि छेद काढल्यावर आतले तुकडे अधिक बाहेरचे तुकडे मिळून तेवढीच लांबी भरते का ते बघायचं. दोन बेरजा, पाच मिनिटं.

3.9 ला 1.115 ने भागलं की 3.5 येतात. म्हणजे अजून अर्धा किलोमीटर जास्त आहे. तो वेगळ्या दाराने आत आला.

तुम्ही वनाचे दोन थर घेतले. एक राखीव वनाचा, ज्याला इथल्या सरकारी कागदांत आरक्षित म्हणतात. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 20 खाली तो जाहीर होतो. दुसरा संरक्षित वनाचा, कलम 29 खालचा. रस्ता राखीव वनात साखळी 7.20 पासून 9.60 पर्यंत आहे, म्हणजे 2.4 किलोमीटर. संरक्षित वनात 9.10 पासून 10.20 पर्यंत, म्हणजे 1.1 किलोमीटर. बेरीज 3.5. पण साखळ्या पुन्हा वाचा. 9.10 ते 9.60 हा अर्धा किलोमीटर दोन्हीकडे आहे. आधी संरक्षित असलेलं वन नंतर राखीव झालं, नवा बहुभुज काढला गेला, जुना कुणी कापला नाही. वनाच्या फाइलींत हे नेहमीचं आहे. एकच कक्ष कधी तीनदा रेखलेला सापडतो. म्हणून लांबी काढण्याआधी सगळे वन-बहुभुज एकत्र विरघळवायचे, क्यूजीआयएसमध्ये Dissolve, म्हणजे आतल्या सामाईक रेषा आणि दुहेरी तुकडे जातात. मग छेद काढायचा. उत्तर 7.20 ते 10.20, सरळ 3 किलोमीटर.

विरघळवताना मात्र एक काळजी घ्या. एकूण लांबीसाठी विरघळवलेला थर वापरा, पण प्रकाराचा हिशेब वेगळा ठेवा: राखीव 2.4, निव्वळ संरक्षित 0.6. कारण सल्लागारांची चूक नेमकी या 0.6 मध्ये आहे. त्यांनी फक्त राखीव वनाचा थर घेतला. संरक्षित वनाला 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागत नाही असं कुणाला वाटलं असेल तर ते चूक आहे. दोन्ही अधिसूचित वनंच आहेत आणि दोन्हींना ती लागते. तो 600 मीटरचा तुकडा अहवालात नाही, हे साखळी देऊन म्हणता येतं आणि ते कुणालाही खोडता येणार नाही. मात्र त्याच्याच शेजारी 3.9 लिहिलं असेल तर समोरचा अभियंता सुनावणीत आधी तुमची 26.75 ची लांबी काढून दाखवेल आणि मग खरे 600 मीटर कुणी ऐकून घेणार नाही. मी त्या बाजूच्या खुर्चीवरही बसलो आहे. पहिली शोधतात ती समोरच्याची बेरीज.

आपल्या ग्वाल्हेरची एक खास गंमत यात आड येते, ती सांगून टाकतो. लांबी मोजायला लोक यूटीएम प्रक्षेपण वापरतात. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडले आहेत आणि 43 व 44 या पट्ट्यांची हद्द 78 अंश पूर्व रेखांशावर आहे. हा रेखांश आपल्या शहराच्या अगदी पश्चिमेला, लष्करापासून थोड्या अंतरावरून जातो. शहर 44 मध्ये, पश्चिमेचा डोंगराळ भाग 43 मध्ये. बैठकीत यावर बराच वेळ गेला की कुठला पट्टा घ्यावा, चुकीचा घेतला तर आकडा फसेल. लांबीपुरता तो वाद सोडून द्या. हद्दीवर दोन्ही पट्ट्यांत फुगवट जवळपास सारखी आहे आणि ती दहा किलोमीटरला सात मीटर भरते. वेब मर्केटरमध्ये दहा किलोमीटरला अकराशे मीटरहून जास्त. तुम्ही सात मीटरवर भांडलात आणि अकराशे मीटर दारातून निघून गेले.

धोका आहे तो निराळा. एका खात्याचा थर 43 मध्ये, दुसऱ्याचा 44 मध्ये, आणि एखाद्या फाइलवर क्रमांकच लिहिलेला नाही. मग कुणीतरी अंदाजाने क्रमांक चिकटवतो. त्याच हद्दीवरचा एखादा बिंदू 43 मध्ये पूर्वेकडे सुमारे 8 लाख मीटरवर असतो आणि 44 मध्ये सुमारे 2 लाख मीटरवर. चुकीचा क्रमांक चिकटवला की वन सहाशे किलोमीटर बाजूला जाऊन पडतं. मग छेदाचं उत्तर शून्य येतं. संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने रस्ता आणि वन खरोखरच भेटत नाहीत. शून्य आलं की आधी दोन्ही थर एकत्र पडद्यावर आणून डोळ्यांनी बघा, आनंद मागून.

जुन्या टोपोशीटवरून वनसीमा गिरवली असेल तर चूक इतकी ढळढळीत नसते, म्हणून ती जास्त छळते. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या गोलाकारावर होत्या, जीपीएस आणि उपग्रहाचे नकाशे डब्ल्यूजीएस 84 वर आहेत. एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्याचे समजून वापरले तर आपल्या भागात सीमा शंभर मीटरहून जास्त सरकते, मुख्यतः पूर्व-पश्चिम. वनाच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्याला त्याने फार फरक पडत नाही, तुकडा थोडा पुढे-मागे होतो. पण वनाच्या कडेने समांतर जाणारा रस्ता त्या शंभर मीटरमध्ये पूर्ण आत येतो किंवा पूर्ण बाहेर जातो. ओळखायची खूण सोपी आहे. वनाच्या थराखाली उपग्रहाचं चित्र लावा आणि सीमेवरच्या नाल्याचे, वाटेचे, शेताच्या बांधाचे कोपरे बघा. सगळीकडे रेषा एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेली दिसली तर ती गोलाकाराची चूक आहे. कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे अशी असेल तर ती गिरवणाऱ्या हाताची.

आपल्या रस्त्यावर असा कडेचा भाग आहे. साखळी 12.80 ते 13.70. तिथे मधली रेषा वनसीमेपासून साधारण 20 मीटर बाहेरून जाते. लांबीच्या तक्त्यात हा तुकडा शून्य आहे, त्यांच्याकडेही आणि तुमच्याकडेही. पण रस्ता म्हणजे रेषा नव्हे. अहवालात रस्त्याच्या हद्दीची रुंदी 60 मीटर दिली आहे, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 30. सीमा 20 मीटरवर असेल तर 10 मीटर रुंदीची पट्टी 900 मीटरभर वनात जाते. 9 हजार चौरस मीटर, म्हणजे 0.9 हेक्टर. मंजुरी हेक्टरमध्ये मागतात, किलोमीटरमध्ये नाही. म्हणून मधल्या रेषेचा छेद काढल्यावर, 30 मीटरचा बफर घालून रस्त्याच्या पट्ट्याचा छेदही काढावा लागतो. (बफरसुद्धा वेब मर्केटरमध्ये घालू नका. तिथले 30 मीटर जमिनीवर 27 सुद्धा नसतात आणि वर क्षेत्रफळ जवळजवळ एक चतुर्थांशाने फुगतं. एक चूक पट्टी अरुंद करते, दुसरी ती वाढवून दाखवते, आणि कुठली किती झाली ते नंतर कळत नाही.)

आता या 0.9 हेक्टरबद्दल मी तुम्हाला घाईने काही लिहू देणार नाही. वनसीमेचा थर 1:50,000 च्या नकाशावरून आला आहे. त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर 25 मीटर असते. मी म्हणतो सीमा 20 मीटरवर आहे, ती 45 वरही असू शकते आणि रस्त्याच्या आतही. म्हणून अर्जात हा तुकडा वेगळा ठेवा आणि 'संदिग्ध' म्हणा. मागणी अशी करा की वनविभाग आणि रस्त्याची यंत्रणा मिळून 12.80 ते 13.70 दरम्यानचे सीमास्तंभ, म्हणजे वनरक्षक ज्यांना मुनारे म्हणतात ते, जीपीएसने मोजून मगच आकडा लिहावा. खाली पटवाऱ्याच्या खसऱ्यात ती जमीन कुणाच्या नावाने आहे तेही त्याच वेळी बघितलं जाईल.

आणि पाणी.

अहवालाच्या तक्त्यात 'जलस्रोतांशी छेद: 0.00 किमी' आहे. रस्ता अकरा ठिकाणी नाला ओलांडतो, हे त्याच अहवालाच्या नकाशावर निळ्या रेषांत दिसतं. खोटेपणा नाही, यंत्राची आज्ञाधारकता आहे. नाल्यांचा थर रेषांचा आहे आणि रस्ताही रेषा आहे. रेषेने रेषा छेदली तर मिळतो बिंदू. बिंदूला लांबी नसते. वनाला वापरलेलंच सूत्र डोळे मिटून पाण्यालाही लावलं, अकरा बिंदू मिळाले, त्यांच्या लांबीची बेरीज केली, शून्य. काही साधनं तर बिंदू टाकूनच देतात, कारण निकालाचा थर रेषांचा ठरलेला असतो. कुणी तक्ता आणि नकाशा शेजारी ठेवून पाहिला नाही. तुम्हीही नाही पाहिला, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्या नाल्यांवर लहानपणी खेकडे पकडायला गेलेले दोघं-तिघं तुमच्या समितीत आहेत.

नाल्यांसाठी लांबी विचारायची नाही, संख्या आणि साखळी विचारायची. क्यूजीआयएसमध्ये रेषांचे छेदबिंदू काढायचं वेगळं साधन आहे, Line Intersections. त्याने अकरा बिंदू आले. पण अकरा नाले नाहीत. 16.40 आणि 16.44 ला एकच नाला वळण घेऊन परत येतो आणि रस्त्याची रेषा त्याला दोनदा कापते. तिथे एक मोरी किंवा एक पूल होईल, किंवा नाल्याचं पात्रच सरळ केलं जाईल, आणि ते शेवटचं सर्वांत वाईट. म्हणून लिहा: दहा नाले, अकरा छेद, आणि 16.40 जवळ काय करणार ते स्पष्ट करा. प्रत्येक छेदाची साखळी द्या. उन्हाळ्यात ते नाले कोरडे दिसतात, कुणी म्हणेल पाणीच नाही. जुलैच्या एका दिवसाचा, तारखेसह काढलेला फोटो प्रत्येक साखळीला जोडला तर तो प्रश्न मिटतो.

तलावाचं प्रकरण याहून नाजूक आहे. 10.00 ते 10.35 दरम्यान रस्ता तलावाची शेपटी ओलांडतो, पण सल्लागारांच्या पाण्याच्या थरात तिथे तलाव नाहीच. त्यांनी पाण्याचे बहुभुज उपग्रहाच्या चित्रावरून काढले आहेत आणि चित्र मे महिन्याचं आहे. ढग नसतात म्हणून मेचं चित्र सगळ्यांना आवडतं. पण मेमध्ये आपल्याकडचा तलाव म्हणजे मधलं डबकं. तिघऱ्याचंच बघा ना. सांक नदीवरचं ते धरण भरलं की नाही हे गावातली बायामाणसं 740 फुटांच्या हिशेबाने बोलतात, कारण पूर्ण भरणाची पातळी 740 फूट आहे आणि रोजच्या वर्तमानपत्रात किती फूट उरलं ते छापून येतं. तलावाची हद्द ती, त्या पातळीला पाणी जिथवर पोचतं तिथवर. मेच्या काठाला हद्द म्हणणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवातली माणसं मोजणं.

आपला तलाव लहान आहे, त्याची पातळी रोज छापून येत नाही. मग हद्द कशी काढायची? तुमच्यातल्या एकाने सुचवलं होतं की इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या 30 मीटरच्या उंचीच्या थरावरून पूर्ण भरणाची समोच्च रेषा काढू. नको. त्या थराच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते. शेपटीकडचा उतार साधारण शंभराला एक आहे, उंचीत पाच मीटर चूक झाली की काठ पाचशे मीटर सरकतो. आपला सगळा छेदच 350 मीटरचा आहे. मी सेंटिनेल-2 उपग्रहाचं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातलं चित्र घेतलं, तलाव सांडव्यावरून वाहिला होता त्या वर्षीचं. त्याचा एक चौकोन जमिनीवर 10 मीटरचा असतो, म्हणजे दोन्ही काठ मिळून वीस मीटरची चूक धरायची. 350 पैकी 20. एवढं चालतं. पण अर्जात लिहा की पूर्ण भरणाची मोजलेली पातळी आणि तिची हद्द जलसंसाधन विभागाकडून घ्यावी. आमचं चित्र फक्त एवढं सिद्ध करतं की शून्य हे उत्तर नाही.

या 350 मीटरमधले पहिले 200 मीटर, 10.00 ते 10.20, वनातही आहेत. भरल्यावर पाणी वनाच्या सीमेत शिरतं. ते दोन्ही रकान्यांत येणार आणि यायलाच हवेत, कारण परवानग्या वेगळ्या आहेत. पण एकूण लिहिताना 3 अधिक 0.35 म्हणजे 3.35 असं लिहू नका. 7.20 ते 10.35 हा एक सलग पट्टा आहे, 3.15 किलोमीटरचा. त्यात निव्वळ वन 2.80, वन आणि पाणी दोन्ही 0.20, निव्वळ पाणी 0.15. हे तीन आकडे लिहिले की कुणीही बेरीज करून बघू शकतं.

सुधारलेला परिच्छेद मला असा सुचतो, तुम्ही भाषा बदला:

'प्रस्तावित रस्ता साखळी 7.20 ते 9.60 राखीव वनातून आणि 9.60 ते 10.20 संरक्षित वनातून जातो, एकूण 3 किलोमीटर. 60 मीटर रुंदीने हे सुमारे 18 हेक्टर होतात. अहवालात फक्त राखीव वन धरलं आहे, संरक्षित वनाचे 600 मीटर, म्हणजे सुमारे 3.6 हेक्टर, सुटले आहेत. साखळी 10.00 ते 10.35 तलावाच्या पूर्ण भरणाच्या क्षेत्रात आहे, त्यातले 200 मीटर वनातही मोडतात. रस्ता दहा नाले अकरा ठिकाणी छेदतो, साखळ्या सोबत जोडल्या आहेत. साखळी 12.80 ते 13.70 मध्ये रस्त्याची हद्द वनसीमेला लागते की नाही हे उपलब्ध नकाशावरून ठरत नाही, संयुक्त मोजणी करावी.'

आकड्यांखाली तीन गोष्टी लिहायला विसरू नका: रस्त्याची रेषा कुठल्या तारखेच्या नकाशावरून गिरवली, वनाचा आणि पाण्याचा थर कुठल्या खात्याचा व कुठल्या तारखेचा, आणि लांबी कशावर मोजली. आखणी मधूनच पन्नास मीटर सरकते आणि जुन्या रेषेवर काढलेले आकडे पुढच्या बैठकीत कुणाचेच उरत नाहीत. साखळी पीडीएफमधल्या दगडांशी एकदा जुळवून घ्या. गिरवलेल्या रेषेचं टोक वीस-तीस मीटर चुकलं की पुढचे सगळे आकडे तेवढेच चुकतात, पण ती चूक सगळीकडे सारखी असते, म्हणून कुठल्यातरी एका ओळखीच्या जागी, मोठ्या चौकापाशी म्हणा, पकडता येते.

रविवारी सकाळी मी 9.60 पासून चालायला सुरुवात करणार आहे. राखीव संपून संरक्षित वन सुरू होतं तो मुनारा त्या खुणेच्या आसपास कुठेतरी झाडीत असायला हवा. तो सापडला तर त्याचं जीपीएसचं वाचन अर्जाला जोडू. सोबत कुणी येणार असेल तर सात वाजता बाड्यावर भेटा. पायात बूट घाला, चपला नकोत, करवंदीच्या जाळ्या आहेत.

आपला,
लष्करातला एक निवृत्त नकाशानवीस